कै., स्व., वै. आणि आजीचा पत्ता

*"ताई, मी दहावीत आहे. दीड महिन्यापूर्वी आजी गेली. पेपरमध्ये बाबांनी 'कै.' लिहिलं, भजनी मंडळाच्या फलकावर 'वैकुंठवासी' होतं, मोठी काकू म्हणते एकादशीला गेली म्हणजे मोक्षच, आणि आत्तेभाऊ म्हणतो ती आपल्याच घरात परत जन्माला येणार. दहाव्याला पाऊण तास कावळा शिवला नाही. मग ती नक्की आहे कुठे? माझी मैत्रीण वसईची आहे, ती म्हणते जन्म एकदाच आणि नंतर स्वर्ग किंवा नरक, कायमचा. घरी गरुडपुराण वाचलं. त्यातला नरक ऐकल्यापासून मला झोप लागत नाही, कारण शेवटच्या रात्री आजीने पाणी मागितलं तेव्हा मी मोबाईलवर होते आणि उशिरा दिलं. मी नरकात जाणार का? घरी विचारलं की 'अभ्यास कर' म्हणतात."*
*— एक विद्यार्थिनी*

पाण्याबद्दल शेवटी सविस्तर लिहायचं ठरवलं होतं. पण हे पत्र तू रात्री जागून वाचत असशील, म्हणून तेवढं उत्तर आधीच देते. नाही. का नाही, ते पुढे येईलच.

आता एक काम कर. घरात पेपर येत असेल तर निधनवार्तांचा रकाना काढ आणि नावांच्या आधी काय लिहिलंय तेवढंच वाच. कुठे 'कै.' दिसेल, म्हणजे कैलासवासी. कुठे 'स्व.', म्हणजे स्वर्गवासी. वारकऱ्याच्या घरी 'वै.', वैकुंठवासी. बौद्ध घरातल्या बातमीत 'कालकथित'. एखाद्या ख्रिस्ती कुटुंबाने 'ख्रिस्तवासी' लिहिलेलं असतं आणि मुसलमान घरात गेलेल्याला 'मरहूम' म्हणतात, म्हणजे ज्याच्यावर रहमत झाली तो. एका बोटाएवढ्या रकान्यात सहा शब्द, आणि नीट पाहिलं तर प्रत्येक शब्द मेलेल्या माणसाचा वेगळा पत्ता सांगतो.

आपण हे सगळे शब्द 'वारले' या एकाच अर्थाने वापरतो, म्हणून ते एकच वाटतात. तुझा गोंधळ झालाय तो इथेच, आणि तो तुझा एकटीचा नाही. 'स्वर्गवासी' शब्दशः घेतला तर आजी काही काळापुरती बाहेरगावी गेली आहे. 'वैकुंठवासी' शब्दशः घेतला तर ती परत येणारच नाही, कारण वैष्णवांच्या मते वैकुंठ स्वर्गाच्याही पलीकडे आहे आणि तिथून कोणी जन्माला येत नाही. शैवांचं कैलासाबद्दल तेच. म्हणजे भजनी मंडळाने फलकावर केलेला दावा साध्या 'स्व.' पेक्षा फार मोठा होता. अर्थात फलक लिहिणाऱ्याने हा हिशेब केला नसणार. आजी माळकरी होती, म्हणून त्याने तिला वैकुंठात पाठवलं. आणि बाबांनी बहुतेक पेपरवाल्याने जे छापील नमुन्यात दिलं तेच ठेवलं.

तू 'स्वर्ग', 'नरक' आणि 'मोक्ष' हे एकाच परीक्षेचे तीन निकाल समजते आहेस: पास, नापास आणि पहिला नंबर. मैत्रिणीच्या धर्मात शेवटचे निकाल दोनच आहेत म्हणून तुला वाटतं की तिच्याकडे एक कमी आहे किंवा आपल्याकडे एक जास्त. हे गृहीतकच जरा हलवून बघू. कुठल्याही धर्मातल्या मृत्यूनंतरच्या जागेबद्दल ऐकलंस की तीन गोष्टी विचारायच्या: तिथे किती दिवस राहायचं? तिथे असताना काही करता येतं का? आणि तिथून पुढे कुठे? नाव तेच असलं तरी ही उत्तरं बदलली की जागा बदलली, असं समज.

आपल्या स्वर्गाला हे तीन प्रश्न एका माणसाने फार पूर्वी विचारून ठेवलेत. महाभारताच्या वनपर्वात मुद्गल नावाच्या ऋषीची गोष्ट आहे. हा कुरुक्षेत्रात राहायचा आणि सरवा वेचून जगायचा. सरवा म्हणजे काय, ते शेतावर जाणारं कोणी घरात असेल तर त्याला विचार: कापणी झाल्यावर रानात पडून राहिलेले दाणे. पंधरा दिवस वेचून द्रोणभर धान्य जमायचं. अमावास्या-पौर्णिमेला तो ते शिजवायचा, आधी देवाला आणि पाहुण्याला द्यायचा आणि उरलेलं बायकामुलांसह खायचा. एके दिवशी दुर्वास आले. वेड्यासारखा अवतार, तोंडात शिव्या. सगळं अन्न खाल्लं, उष्टं अंगाला फासलं आणि निघून गेले. पुढच्या पर्वाला पुन्हा आले. असं सहा वेळा झालं. मुद्गलाचं घर सहाही वेळा उपाशी राहिलं आणि त्याच्या कपाळावर एकदाही आठी आली नाही. दुर्वास प्रसन्न झाले, म्हणाले, तू सदेह स्वर्गाला जाशील. लगेच हंस आणि सारस जोडलेलं विमान दारात उभं राहिलं, सोबत देवदूत.

इथवरची गोष्ट आपल्या ओळखीची आहे. चांगुलपणा केला, स्वर्ग मिळाला. पण मुद्गल विमानात बसला नाही. त्याने देवदूताला थांबवलं आणि म्हणाला, आधी तिथलं गुण आणि दोष दोन्ही सांग, मग ठरवतो. (घर भाड्याने घेताना आपण पाण्याची वेळ विचारतो, तितक्या सरळपणे.) देवदूताने आधी गुण सांगितले. भूक नाही, तहान नाही, म्हातारपण नाही. घाम नाही, धूळ नाही. गळ्यातल्या माळा कोमेजत नाहीत. मग, विचारलंच आहे म्हणून, दोष सांगितले. तिथे फक्त केलेल्याचं फळ खायचं. नवीन काही कमावता येत नाही, मूळ भांडवलच खर्च होत राहतं. शेजारच्याचं वैभव आपल्याहून जास्त दिसलं की तिथेही जीव जळतो. आणि पुण्य संपत आलं की गळ्यातली माळ सुकायला लागते. ती सुकलेली पाहिली की कळतं, आता पडायचं. इतकं सुख भोगून झाल्यावर पडण्याचं जे भय असतं ते फार वाईट, असं तो देवदूतच सांगतो. त्याने एक वाक्य म्हटलं ते लक्षात ठेव: ही पृथ्वी कर्मभूमी, ती फलभूमी.

मुद्गलाने त्याला नमस्कार केला आणि विमान रिकामं परत पाठवलं. जिथून पडावं लागत नाही असं काही आहे का, एवढं मात्र विचारून घेतलं. मग तो पुन्हा सरवा वेचायला गेला. निंदा आणि स्तुती, माती आणि सोनं त्याला सारखी झाली, आणि शेवटी त्याला जे मिळालं त्याला महाभारत निर्वाण म्हणतं.

आपल्या तिन्ही प्रश्नांची उत्तरं इथे आली. किती दिवस? पुण्य असेतोवर. काही करता येतं का? नाही. पुढे कुठे? परत इथे. गीतेच्या नवव्या अध्यायातही हेच आहे: 'क्षीणे पुण्ये मर्त्यलोकं विशन्ति', पुण्य संपलं की मर्त्यलोकात येतात. आमच्या लहानपणी कीर्तनकार मुदत ठेवीचा दाखला द्यायचे. तुला रिचार्ज जास्त कळेल. प्लॅन मोठा असला तरी त्याला शेवटची तारीख असतेच.

नरकाचं पंचांग तेच आहे, फक्त उलट्या बाजूचं. माझ्या मामाच्या ओटीवर काचेच्या फ्रेममध्ये जत्रेतून आणलेलं एक चित्र होतं. मधे यमराज, शेजारी वही घेतलेला चित्रगुप्त, आणि भोवती चौकोनाचौकोनांत शिक्षा: कोणाला करवतीने कापतायत, कोणाला कढईत तळतायत. खोटं बोलणाऱ्याची जीभ ओढलेला चौकोन बरोबर माझ्या डोळ्यांच्या उंचीवर होता. मी कितीतरी वर्षं ओटीवरून मान वळवून जायचे. त्यामुळे गरुडपुराण ऐकून तुझी झोप उडाली याचं मला आश्चर्य वाटत नाही. ते ऐकून काहीतरी व्हावं, असंच ते लिहिलंय.

पण त्या चित्रात एक गोष्ट काढायची राहून गेली होती, ती म्हणजे बाहेर पडायचं दार. आपल्या पुराणांतला नरक जन्मठेपेचा नाही, मुदतीच्या शिक्षेचा आहे. भोग संपला की जीव सुटतो आणि पुढच्या जन्माला लागतो. कोणकोणते नरक, किती, यावर ग्रंथांचं एकमतही नाही. मनुस्मृती एकवीस मोजते, भागवत अठ्ठावीस. तुरुंगाचा नकाशा पाहून आलेले लोक असा घोळ घालत नाहीत. कुठल्या पापाला किती घाबरायचं हे ठरवू पाहणारे लोक घालतात. गरुडपुराण ऐकताना आणखी एक लक्षात आलं असेल: वैतरणीचं वर्णन आलं की पाठोपाठ ती पार करायला गाय दान करावी, हेही येतं. भय आणि त्यावरचा उपाय एकाच दुकानात मिळत असेल तर ग्राहकाने जरा सावध असावं, असं माझं मत आहे. तुझ्या घरचे गुरुजी प्रामाणिक असतील, ते मी त्यांच्याबद्दल म्हणत नाही.

महाभारताच्या अगदी शेवटी युधिष्ठिर स्वर्गात पोचतो, तर समोर दुर्योधन थाटात बसलेला. भाऊ आणि द्रौपदी कुठे म्हणून विचारतो, तर त्याला नरकाकडे नेतात. घाण वास, अंधार, आणि त्यातून ओळखीचे आवाज: थांबा, तुम्ही आलात म्हणून जरा बरं वाटतंय. युधिष्ठिर म्हणतो, मग मी इथेच राहतो. तेव्हा इंद्र येऊन सांगतो की ज्याचं पाप जास्त त्याला आधी स्वर्ग दाखवतात, ज्याचं पुण्य जास्त त्याला आधी नरक. अश्वत्थाम्याच्या बाबतीत अर्धवट खोटं बोलल्याबद्दल युधिष्ठिराला हे थोडा वेळ पाहावं लागलं. ज्या खोट्यामुळे द्रोणाचार्यांचा जीव गेला, त्या खोट्याची शिक्षा एवढीच. आता तुझं उशिरा दिलेलं पाणी त्याच्या शेजारी ठेवून बघ.

जैनांकडे तर याहून मोठी गोष्ट आहे. राजा श्रेणिक, ज्याला इतिहासात बिंबिसार म्हणतात, तो महावीरांचा भक्त. पण आधी बांधलेल्या कर्मामुळे तो आत्ता नरकात आहे, असं जैन मानतात. आणि पुढच्या चोवीस तीर्थंकरांतला पहिला तोच होणार, हेही मानतात. म्हणजे आज जो नरकात आहे तो उद्याचा तीर्थंकर! जैनांच्या हिशेबात देवगती आणि नरकगती दोन्ही संपणाऱ्या आहेत, आणि मोक्षाला जाण्याचं दार त्या दोन्हींतून नाही, फक्त मनुष्यजन्मातून आहे. देवांनाही त्यासाठी माणूस व्हावं लागतं. मुद्गलाचा देवदूत कर्मभूमी म्हणाला, ते हेच.

'आपल्याकडे नरक कायमचा नसतो' असं मात्र मैत्रिणीसमोर ठासून सांगू नकोस. तेराव्या शतकात उडुपीला होऊन गेलेल्या मध्वाचार्यांच्या मते काही जीवांना कधीच सुटका नाही, आणि त्यांचे अनुयायी महाराष्ट्रातही आहेत. आपल्यातलेच माध्व.

आता वसईची मैत्रीण. तिचं बरोबर आहे, तिच्या घरच्या हिशेबात. ख्रिस्ती श्रद्धेत माणसाचा जन्म एकदाच. मरण, मग न्याय. पुन्हा परीक्षेला बसणं नाही. म्हणून तिथला स्वर्ग संपूच शकत नाही, संपला तर माणसाने जायचं कुठे? आपले तीन प्रश्न तिच्या स्वर्गाला विचार: किती दिवस? अनंतकाळ. पुढे कुठे? कुठेच नाही, हाच मुक्काम. बघ, ही उत्तरं आपल्या स्वर्गाशी जुळत नाहीत, पण मोक्षाशी आणि वैकुंठाशी बरीचशी जुळतात. मराठी बायबलमध्ये 'स्वर्ग' शब्द आहेच, पण तिथले खरे वजनदार शब्द 'तारण' आणि 'सार्वकालिक जीवन' हे आहेत. इस्लाममध्येही जन्म एकच आणि कयामतीनंतर जन्नत किंवा जहन्नम. पण श्रद्धा असलेला पापी माणूस शिक्षा भोगून शेवटी जहन्नममधून बाहेर येईल, असं बहुतेक उलेमा मानतात. म्हणजे तुम्ही दोघी मैत्रिणी 'स्वर्ग' हा शब्द वापरत होतात, तेव्हा एकीच्या डोक्यात धर्मशाळा होती आणि दुसरीच्या डोक्यात स्वतःचं घर.

तिला एक विचार: २ नोव्हेंबरला तुमच्याकडे काय करतात? कॅथलिक लोक त्या दिवशी गेलेल्यांसाठी प्रार्थना करतात, कबरींवर फुलं आणि मेणबत्त्या ठेवतात. कारण स्वर्गात जाण्याआधी शुद्ध होण्याची एक मधली अवस्था ते मानतात, आणि जिवंत माणसांच्या प्रार्थनेचा तिथल्यांना उपयोग होतो असं त्यांची श्रद्धा सांगते. तुमच्या पितृपक्षात आणि तिच्या त्या दिवसात मला तरी फार अंतर दिसत नाही.

मोक्षाबद्दल लिहिणं सगळ्यात अवघड, कारण तो जागेचा प्रश्न नाही. स्वर्ग-नरकाचे नकाशे काढता येतात, मोक्षाचा निघत नाही. मोक्ष म्हणजे ये-जा थांबणं. आणि तो मेल्यावरच मिळतो असंही नाही. वेदान्तात जिवंतपणीच मुक्त झालेल्या माणसाला जीवन्मुक्त म्हणतात, तो जेवतो-झोपतो तसाच. म्हणून एकादशीला प्राण गेला की मोक्ष, हे काकूचं म्हणणं प्रेमाचं आहे, पण शास्त्राला विचारशील तर ते तारीख पाहत नाही, माणसाचं मन कुठे अडकलेलं होतं ते पाहतं.

तुझ्या पत्रात नाही, पण तुझ्या वयाची मुलं पुढचा प्रश्न हमखास विचारतात: मोक्ष मिळाला तर मी उरणार का? इथे मात्र आपल्याच घरात तट पडतात. शंकराचार्यांच्या परंपरेत उत्तर असं की मडकं फुटलं तर आतलं आकाश कुठे जात नाही, ते बाहेरच्या आकाशाहून वेगळं कधी नव्हतंच. 'मी' मडक्याला म्हणत होतीस, एवढीच चूक. जैनांच्या मते मुक्त जीव विश्वाच्या माथ्यावर सिद्धशिलेवर जातो आणि तिथे तो वेगळा, स्वतंत्रच राहतो. बुद्धांनी तर कायम टिकणारा आत्माच नाकारला, म्हणून निर्वाणात 'कोण उरतं' हा प्रश्नच त्यांच्या मते चुकीचा विचारलेला असतो. डॉ. आंबेडकरांनी १४ ऑक्टोबर १९५६ला नागपुरात दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत श्राद्धपक्ष आणि पिंडदान करणार नाही अशी एक आहे. 'कालकथित' हा शब्द त्या घरांत आला, त्यामागे हा सगळा विचार आहे. त्यात कैलास नाही, वैकुंठ नाही. माणूस काळाच्या स्वाधीन झाला, इतकंच.

आणि मग आपले तुकोबा. 'हेंचि दान देगा देवा' तू शंभर वेळा म्हटलं असशील, बहुधा घाईघाईत, शेवटी प्रसादाकडे बघत. त्यात 'न लगे मुक्ति धन संपदा' आहे आणि शेवटी 'तुका म्हणे गर्भवासीं। सुखें घालावें आम्हांसी' आहे. नीट वाच. ज्या फेऱ्यातून सुटायला मुद्गलाने विमान परत पाठवलं, त्याच फेऱ्यात मला खुशाल घाल, असं हा माणूस देवाला सांगतो. मुक्ती धनाच्या पंगतीला बसवून दोन्ही नको म्हणतो. त्याला फक्त विसर पडायला नको आहे. म्हणजे तू जो पहिला नंबर समजत होतीस, तो नाकारणाराही एक आपल्याकडे होऊन गेला, आणि आजीच्या भजनात रोज त्याचंच नाव होतं.

कावळ्याचं सांगते. आजी पुन्हा जन्मली असेल तर पिंड कोणासाठी? आणि पिंडासाठी ती कुठेतरी थांबली असेल तर जन्म कोणी घेतला? हा प्रश्न तुझ्या मनात आहे, तू नीट मांडला नाहीस इतकंच. धर्मशास्त्राचा इतिहास लिहिणाऱ्या भारतरत्न पां. वा. काण्यांनीही ही अडचण नोंदवली आहे: कर्म आणि पुनर्जन्म पक्का मानणाऱ्याला श्राद्धाचा मेळ घालणं कठीण जातं. कारण हे दोन वेगवेगळ्या काळांतले विचार आहेत. ऋग्वेदातले पितर यमाच्या लोकात जाऊन राहतात, तिथे आनंदात असतात. परत जन्माला येण्याची गोष्ट तिथे ठळक नाही. ती पुढे उपनिषदांत येते: जीव धुरातून चंद्राकडे जातो, तिथून पावसातून खाली येतो, धान्यात शिरतो आणि अन्नातून पुन्हा माणसात. नवीन विचार आला म्हणून जुना विधी कोणी टाकला नाही. वाड्याला मागे खोल्या वाढवाव्यात तसं झालं. मग पुराणकारांनी मधे एक दार काढलं: वडील देव झाले असतील तर पिंडाचं अन्न त्यांना अमृत होऊन पोचतं, पशू झाले असतील तर गवत होऊन. पटतं का ते तू ठरव. पण तुला खटकलं तेच त्यांनाही खटकलं होतं, एवढं यातून कळतं.

पाऊण तास कावळा न येण्याची कारणं कावळ्याकडे असतात. त्या दिवशी घाटावर किती पिंड होते, आधीच्यांनी किती खाल्लं होतं, आजूबाजूला झाडं आहेत का. कावळा आलाच नाही तर दर्भाचा कावळा करून शिववतात, ही सोय परंपरेनेच ठेवली आहे. म्हणजे कावळा नेहमी येतोच असं तिलाही वाटत नव्हतं. त्या पाऊण तासात तुमच्याकडच्या मोठ्यांनी 'मुलीचं शिक्षण करू, काळजी करू नकोस' असं काहीतरी म्हटलं असेल. ते आठव. तेच एक तिथे ऐकण्यासारखं असतं.

घरच्यांचं 'अभ्यास कर'. याच चंद्र-पावसाच्या उपनिषदात श्वेतकेतू नावाचा शिकून आलेला मुलगा आहे. राजा त्याला विचारतो, मेल्यावर माणसं कुठे जातात माहीत आहे? परत कशी येतात? पाचही प्रश्नांना तो नाही म्हणतो आणि चिडून वडिलांकडे येतो: तुम्ही मला सगळं शिकवलं म्हणाला होतात! वडील म्हणतात, मला माहीत होतं ते सगळं सांगितलं, हे मलाच माहीत नाही. चल, दोघे जाऊन शिकू. त्यावर बृहदारण्यक उपनिषदातला श्वेतकेतू म्हणतो, तुम्हीच जा. (मुलांत फार बदल झालेला नाही.) बाबांनाही उत्तर माहीत नसणार, आणि त्यांची आई जाऊन दीड महिना झालाय. म्हणून त्यांना 'आजी कुठे गेली' असं विचारू नकोस. 'आजीला काय वाटायचं, मेल्यावर काय होतं?' असं विचार. याचं उत्तर त्यांच्याकडे आहे. ती पांडुरंगाकडे जाते म्हणायची, की परत तुमच्यातच येईन म्हणायची, की या फेऱ्याला कंटाळली होती, ते काकूला, आत्याला, भजनातल्या बायकांनाही विचारता येईल. घरात धाकटं भावंड असेल आणि ते तुला विचारत असेल, तर त्यालाही हेच सांग: आजीला असं वाटायचं, मैत्रिणीकडे असं मानतात, मेल्यावर काहीच उरत नाही असं मानणारेही आहेत, आणि मला अजून नक्की माहीत नाही. सहा वर्षांच्या मुलालाही एवढं झेपतं. झेपत नाही ती कढईतल्या तेलाची वर्णनं. ती त्याला ऐकवू नका.

आता पाणी. शेवटच्या दिवसांत आजारी माणसाला वारंवार तहान लागते, ओठ सुकतात, दर थोड्या वेळाने पाणी मागितलं जातं. त्या रात्रीआधी आजीला कितीतरी वेळा कोणी ना कोणी पाणी दिलं असेल, त्यातलं बरंचसं तू दिलं असशील. ते तुला आठवत नाही, कारण त्या वेळी काही चुकलं नव्हतं. उशिरा दिलेला एक पेला आठवतो. त्या पेल्यामुळे ती गेली नाही. आणि आपल्या सगळ्या परंपरा कर्माचा हिशेब करताना हेतू पाहतात. बौद्धांनी तर कर्म म्हणजे चेतना, म्हणजे मनातला हेतूच, असं सरळ म्हटलं. आजीला तहानलेली ठेवायचं तुझ्या मनात नव्हतं. मोबाईल खाली ठेवायचं मनात नव्हतं, हे खरं, आणि त्याची चुटपुट राहील. राहू दे, ती नरकाएवढी नाही.

हे मला लिहिलंस तसं घरातल्या एका मोठ्या माणसाला तोंडाने सांग. बहुतेक तेही आपलं काहीतरी सांगतील. आजारी माणसाच्या घरात प्रत्येकाजवळ असा एक पेला असतो. त्यानंतरही पंधरा दिवसांत झोप आली नाही, जेवण जाईना झालं, तर शाळेतल्या समुपदेशकांना भेट किंवा टेली-मानसच्या १४४१६ या सरकारी क्रमांकावर फोन कर, मराठीत बोलता येतं. गरुडपुराणाची राहिलेली पानं सध्या ऐकू नकोस. वाचायचंच असेल तर मुद्गलाची गोष्ट वाच.

आणि बाबांनी 'कै.' का लिहिलं, हे विचारशील तेव्हा मला जरूर कळव. माझा अंदाज छापील नमुन्याचा आहे, पण तो चुकला तर मला आवडेल.